केस नवे, चेहरा तोच

केस कापण्याआधी किंवा रंगवण्याआधी ते कसे दिसतील हे फोटोवर दाखवायची सोय आता मोठ्या शहरांतल्या महागड्या सलूनपुरती राहिलेली नाही. कॉलनीतल्या पार्लरमध्येही मुलगी तुमचा फोटो काढते, मोबाइलमध्ये चार शब्द टाइप करते, आणि थोड्याच वेळात खांद्यापर्यंतचे लेयर्स, कपाळावरची फ्रिंज आणि मधाळ रंगाच्या बटा घेऊन तुम्हीच पडद्यावर येता. चित्र बहुतेक वेळा सुरेख असतं. ग्राहक खूश होऊन म्हणते, "हेच करून द्या."

दोन-तीन तासांनी ती आरशात बघते. कट चित्रातल्यासारखा आलेला असतो, रंगही फार वेगळा नसतो. तरी काहीतरी कमी वाटतं. काय कमी आहे ते तिला सांगता येत नाही, आणि केस कापणारीलाही कळत नाही, कारण तिने आपलं काम चोख केलेलं असतं. त्या चित्रात केसांबरोबर चेहराही बदललेला होता. नाक किंचित बारीक झालं होतं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती, हनुवटी निमुळती झाली होती, त्वचा एका छटेने उजळली होती. बाईंना जे आवडलं त्यातला बराच वाटा त्या चेहऱ्याचा होता, आणि तो चेहरा कुठलंही सलून देऊ शकत नाही.

म्हणून या प्रकारात माझ्या मते पहिली अट एकच: दाखवलेल्या चित्रात चेहरा मूळ फोटोतला, जसाच्या तसा हवा. 'साधारण तसाच' चालणार नाही. ही अट ऐकायला सोपी असली तरी पाळायला अवघड आहे, आणि ती का अवघड आहे हे समजलं की कुठल्या चित्रावर विश्वास ठेवायचा तेही समजतं.

फोटो आणि एक सूचना दिली की चित्र बदलून देणारी जी नवी एआय साधनं आहेत, ती बहुतेक सगळं चित्र नव्याने रंगवतात. तुम्ही फक्त केसांबद्दल बोललात तरी भिंत, ओढणी, भुवया, ओठ हे सगळं पुन्हा तयार होतं. मूळ फोटो त्यांच्यासमोर असतो, त्यामुळे साम्य खूप असतं, पण ते नकलेचं साम्य असतं. सूचनेत 'चेहरा बदलू नको' असं लिहिलं तर फरक कमी होतो, थांबत नाही. शिवाय ही साधनं इंटरनेटवरच्या असंख्य चित्रांवरून शिकलेली आहेत. त्या चित्रांत सोनेरी केस बहुतेक गोऱ्या चेहऱ्यांभोवती होते, आणि सलूनच्या जाहिरातीतल्या केसांखाली डाग नसलेली गुळगुळीत त्वचा होती. त्यामुळे आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्याला सोनेरी बटा मागितल्या की त्वचेचा रंगही नकळत त्या दिशेने सरकतो. हे मुद्दाम कुणी केलेलं नसलं, तरी ग्राहकाच्या मनावर त्याचा परिणाम होतोच.

दुसरी पद्धत मास्कची. फोटोतला जो भाग बदलायचा तो पांढऱ्या रंगाने झाकायचा, जो ठेवायचा तो काळा सोडायचा, आणि यंत्राला फक्त पांढऱ्या भागात रंगवायला सांगायचं. यात चेहरा सुरक्षित राहील असं वाटतं. पण इथेही एक बारीक फट आहे. २०२२ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या 'स्टेबल डिफ्यूजन'सारख्या पद्धतीत फोटो आधी दाबून लहान केला जातो. आठ बाय आठ, म्हणजे चौसष्ट पिक्सेलच्या चौकोनाची माहिती एका घरात साठवली जाते. रंगकाम त्या लहान रूपावर होतं आणि मग चित्र पुन्हा मूळ आकाराला उलगडलं जातं. या दाबण्या-उलगडण्यात जिथे ब्रश लागलाच नाही तो भागही थोडा बदलतो. गाल, कपाळ यांसारख्या सपाट जागी ते जाणवत नाही. जाणवतं ते पापण्यांत, काजळाच्या रेषेत, नाकातल्या चमकीच्या खड्यात आणि ओठाजवळच्या तिळात. आणि माणूस ओळखू येतो तो अशाच बारकाव्यांवरून.

म्हणून जाणकार माणूस यंत्राला चेहरा सांभाळायला सांगतच नाही, तो चेहरा त्याच्या हाती देत नाही. नवे केस तयार झाले की त्या चित्रातून फक्त केस वेगळे उचलायचे आणि मूळ फोटोवर एक वेगळा थर म्हणून ठेवायचे. खाली मूळ फोटो, वर केस. चेहऱ्याचा जो भाग दिसतो तो शेवटच्या पिक्सेलपर्यंत मूळ कॅमेऱ्यातून आलेला असतो. केस नीट उचलायला कडा मऊ लागतात. कात्रीने कापल्यासारखी कड आली की टोप घातल्यासारखं दिसतं. पण हे काम करणारी साधनं आता चांगली झाली आहेत आणि बटांमधून दिसणारी त्वचाही ती बऱ्यापैकी सांभाळतात. याचा आणखी एक फायदा आहे. यंत्राने डोकं वळवलं असेल किंवा चेहरा बारीक केला असेल, तर उचललेले केस मूळ डोक्यावर बसतच नाहीत. कानाजवळ फट पडते किंवा भांग सरकलेला दिसतो, आणि चोरी लगेच पकडली जाते.

एका ठिकाणी मात्र फार कडकपणा केला तर चित्र खोटं दिसतं. खऱ्या फ्रिंजची सावली कपाळावर पडते. मूळ कपाळ जसंच्या तसं ठेवलं तर सावली नाही, आणि केस हवेत चिकटवल्यासारखे वाटतात. तिथे केसांच्या थराखाली मऊ ब्रशने हलकी सावली हाताने घालावी, तीही भुवयांच्या वरच. भुवयांपासून हनुवटीपर्यंत काहीही करू नये.

आता फोटोकडे येऊ, कारण निम्मं काम तिथेच होतं किंवा बिघडतं. केस मोकळे सोडलेल्या फोटोत कान, मान, गालांच्या कडा आणि कपाळाचा काही भाग झाकलेला असतो. लांब केस आखूड करून दाखवायचे तर यंत्राला तो झाकलेला भाग मनाने रंगवावा लागतो. त्याने तुमची मान कधी पाहिलेली नसते, म्हणून ते कुणाची तरी लांब, सडपातळ मान देतं. फ्रिंज काढून मागे वळवलेले केस दाखवायचे असतील तर कपाळही कल्पनेतलंच येतं. कपाळ रुंद आहे की अरुंद, केसांची रेषा कुठून सुरू होते, यावर तर अख्खा कट ठरतो.

याला सोपा इलाज आहे. फोटो दोन काढावेत. एक केस मोकळे सोडून, दुसरा सगळे केस हेअरबँडने मागे बांधून, कान आणि कपाळ पूर्ण दिसेल असा. चित्र या दुसऱ्या फोटोवर करावं. त्यात जे जे खरं आहे ते सगळं दिसत असतं, आणि यंत्राकडे फक्त केस वर घालायचं काम उरतं. नव्या कटमध्ये केसांनी कान झाकला तर हरकत नाही, कारण झाकणं वेगळं आणि बदलणं वेगळं.

फोटो सेल्फी नसावा. हाताच्या अंतरावरून कॅमेरा नाक मोठं आणि कान लहान दाखवतो. दीड-दोन मीटर मागे उभं राहून, थोडा झूम करून, खिडकीच्या उजेडात दुसऱ्या कुणीतरी फोटो काढावा. मोबाइलचा ब्यूटी मोड बंद असावा, नाहीतर ज्याला आपण 'मूळ चेहरा' म्हणून जपतो तोच आधी बदललेला असतो. पोर्ट्रेट मोडही बंद असावा, कारण तो मागचं धूसर करताना केसांच्या कडाही खातो. खांद्यावर पांढरा टॉवेल ठेवला की ट्यूबलाइटने किंवा भिंतीच्या रंगाने फोटोत आलेली पिवळसर-निळसर छटा ओळखून काढता येते. आणि भांग कुठल्या बाजूला आहे ते कागदावर लिहून ठेवावं. काही फोन पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखा उलटा साठवतात, आणि मग डावा भांग चित्रात उजवा होतो.

हे सगळं प्रत्यक्षात कसं जुळतं ते एका उदाहरणातून पाहू. बेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका. केस कंबरेपर्यंत, रोजची वेणी. कपाळावर टिकली, कानात मोत्याच्या कुड्या. भाच्याचं लग्न तीन आठवड्यांवर आलं आहे. त्यांना खांद्यापर्यंत लेयर्स हवे आहेत आणि पुढच्या बटांना मधासारखा रंग. केशकर्तनकार मुलगी त्यांच्याहून बरीच लहान आहे. मोबाइल हातात घेण्याआधी ती विचारते, "ताई, मेंदी शेवटची कधी लावली होती?" बाई आठवून सांगतात, "दोन-अडीच वर्षं झाली असतील गं. त्याआधी दर महिन्याला लावायचे."

या एका प्रश्नावर पुढचं सगळं उभं आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर किंवा त्याहून थोडे जास्त वाढतात. म्हणजे अडीच वर्षांत मुळापासून तीस-पस्तीस सेंटिमीटर केस नवे, मेंदी न लागलेले आले. टाळूपासून खांद्यापर्यंतचं अंतर साधारण तेवढंच भरतं, आणि मानेजवळच्या केसांना तर खांद्याला पोचायला त्याच्या निम्मीही लांबी पुरते. म्हणजे बाईंना हवा तोच कट मेंदीचा जवळजवळ सगळा भाग कापून टाकतो. हेच केस त्यांना कंबरेपर्यंत ठेवून रंगवायचे असते तर उत्तर वेगळं आलं असतं. मेंदीतला रंग केसातल्या केराटिनला घट्ट धरून बसतो, आणि ब्लीचने तो उजळला तरी नारिंगी झाक सुटत नाही. त्यात मेंदी पाकिटातली 'काळी' असेल आणि तिच्यात धातूंचे क्षार असतील, तर पेरॉक्साइडबरोबर केस तापून तुटूही शकतात.

आता रंग. मशीनला 'हनी हायलाइट्स' असा शब्द दिला की ते बहुधा फिकट सोनेरी दाखवतं. मुलगी शब्द देत नाही. ती शेड कार्डवरची बट बाईंच्या गालाशेजारी धरून त्याच खिडकीच्या उजेडात फोटो काढते आणि तो रंग चित्रात वापरते. सलूनमध्ये केसांची गडद-फिकट पातळी एकपासून दहापर्यंत मोजतात. एक म्हणजे काळा, दहा म्हणजे सर्वांत फिकट. आपल्याकडचे केस साधारण एक ते तीनच्या आसपास असतात, बाईंचे दोन. त्यांनी निवडलेली बट सातची आहे, सोनेरी छटेची. ब्लीच न करता नुसत्या रंगाने न रंगवलेले केस दोन-तीन पातळ्या उजळतात. म्हणजे त्यांचे केस चार किंवा पाचवर जातील, आणि ते उन्हात चमकतील पण घरात काळेच वाटतील. सातवर जायचं तर आधी ब्लीच लागणार.

इथे केसांच्या रंगाचे अ‍ॅप फसवतात. लॉरिआलने २०१८ साली मोडिफेस ही कॅनडातली कंपनी विकत घेतली, तेव्हापासून आरशासारखा लाइव्ह रंग दाखवणारी अ‍ॅप्स बरीच पसरली. ती कॅमेऱ्यातले केस ओळखून फक्त त्यांचा रंग बदलतात, त्यामुळे चेहरा राहतो हा त्यांचा गुण. पण काळ्या केसांतून उजेड इतका कमी परततो की त्यावर कुठलीही छटा चढवली तरी डोळ्याला फारशी दिसत नाही. ती दिसावी म्हणून अ‍ॅप आधी केस उजळून घेतं. पडद्यावर हे ब्लीच एका क्षणात, केसाला धक्का न लावता होतं. खुर्चीत बसल्यावर काळ्या केसाला लाल, तांबूस-नारिंगी, मग पिवळसर नारिंगी अशा पायऱ्या चढाव्या लागतात, आणि थांबावं कुठे हे केसाच्या ताकदीवर ठरतं. म्हणून मुलगी कानामागची एक पातळ बट घेते, त्यावर वीस व्हॉल्यूमच्या, म्हणजे सहा टक्के पेरॉक्साइडच्या डेव्हलपरमध्ये कालवलेलं ब्लीच लावते, आणि ती बट कुठपर्यंत उजळते ते बघते. रंगाची अ‍ॅलर्जी नाही ना हे पाहायला कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून ४८ तास थांबायला सांगते. बट सहाच्या आसपास नारिंगी-पिवळी होऊन थांबली, तर चित्रातला रंगही सातवरून सहावर आणायचा. चित्र केसाच्या मागे जायला हवं, केसाने चित्राच्या मागे धावायला नको.

चित्र तयार झाल्यावर आणखी एक गोष्ट बघायची असते. यंत्र जवळजवळ प्रत्येक वेळी दाट, भरगच्च, नुकतेच ब्लो-ड्राय केलेले केस देतं. बाईंच्या भांगात मूळ फोटोत टाळूची रेघ दिसत असेल तर ती नव्या चित्रातही दिसायला हवी. डोक्यावरचा भोवरा जिथे आहे तिथे केस उभे राहणारच. तो चित्रात नाहीसा झाला असेल तर ती फ्रिंज प्रत्यक्षात बसणार नाही. मुलगी या बाईंचा भांग मुद्दाम तसाच ठेवते आणि स्पष्ट सांगते, "ताई, पार्लरमधून निघाल्यावर असे दिसतील. घरी धुतल्यावर एवढे फुगणार नाहीत." ती दुसरं चित्रही दाखवते, सपाट, नुसते धुऊन वाळवलेले केस असलेलं. ग्राहकाला पुढचे कित्येक महिने याच चित्रासोबत राहायचं असल्यामुळे दोन्हींत हे दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं.

चेहरा खरंच बदलला नाही हे तपासायचं कसं? दोन्ही फोटो एकाच आकारात फोनवर लागोपाठ ठेवा आणि बोटाने पटापट पुढे-मागे करा. जे बदललं ते हललेलं दिसतं. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, हनुवटीचं टोक, तीळ, दातांमधली फट आणि कुड्यांची जागा बघा. थर वापरणाऱ्या कुठल्याही फोटो अ‍ॅपमध्ये एकावर एक ठेवून 'डिफरन्स' मोड लावला तर न बदललेला भाग पूर्ण काळा होतो आणि बदललेला उजळतो. चेहऱ्याच्या जागी काळं दिसायला हवं. फाइल दाबून साठवल्यामुळे येणारी बारीक कुजबूज चालेल, पण नाकाची किंवा जबड्याची आख्खी कड उजळली तर ते चित्र बाद. हे तपासायचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत, नाहीतर तिथेच ते पुन्हा दाबले जातात.

काही सॉफ्टवेअर विकणारे यासाठी एक आकडा दाखवतात, चेहरा अमुक टक्के तोच आहे असा. तो आकडा चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेतून येतो, आणि ती यंत्रणा बनवलीच आहे ती वय, वजन, उजेड, मेकअप बदलला तरी माणूस ओळखता यावा म्हणून. म्हणजे आपल्याला जे फरक पकडायचे आहेत, नेमके तेच फरक बाजूला ठेवायला ती शिकलेली असते. पाच किलो कमी झालेली, एक छटा उजळलेली तुम्ही तिच्या लेखी तुम्हीच असता. या आकड्यावरून चित्रातला माणूस तोच आहे एवढंच ठरतं. चेहऱ्याला हात लागलेला नाही, हे त्यातून ठरत नाही.

एक गोष्ट सलूनवाल्यांसाठी. ग्राहकाचा चेहरा बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तेव्हा तिला आधी विचारा. काम झालं की फोटो पुसा, आणि 'आधी-नंतर' म्हणून इन्स्टाग्रामवर टाकायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्या. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा आपल्याकडचा कायदा २०२३ चा आहे, पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं.

आणि खुर्चीत बसणाऱ्यांना एक विनंती. चित्र आवडलं की लगेच हो म्हणू नका. हाताने चित्रातले केस झाका, तसेच मूळ फोटोतलेही झाका, आणि उरलेले दोन चेहरे शेजारी ठेवून बघा. ते वेगळे दिसले तर दुसरं चित्र मागा. सारखे दिसले, तर मग केस किती पातळ्या उजळावे लागतील, किती बैठका लागतील, आणि घरी धुतल्यावर कसे दिसतील हे विचारा, आणि ही तीन उत्तरं मिळाल्यावरच कात्री लावू द्या.